एक जून, एक जानेवारी आणि अडलेली पेन्शन

कर्मचारी पेन्शन योजनेत सगळा हिशेब जन्मतारखेपासून सुरू होतो. १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झालेल्या या योजनेत कामगाराला अट्ठावन्न वर्षे पूर्ण झाली की पेन्शन सुरू होते. त्याच दिवशी मालकाने त्याच्या नावावर पेन्शन फंडात भरायची ८.३३ टक्के रक्कम थांबते आणि पेन्शनपात्र सेवेची मोजणीही संपते. पेन्शन कधी सुरू व्हायची, किती वर्षांची सेवा धरायची आणि दरमहा किती रक्कम मिळायची, ही तिन्ही उत्तरे एकाच तारखेतून निघतात. म्हणून एखाद्याच्या एका कागदावर १९६३ आणि दुसऱ्यावर १९६६ असे साल असेल, तर कार्यालयाला ती फाईल पुढे सरकवता येत नाही. माणूस समोर उभा असतो, वीस-बावीस वर्षांच्या वर्गण्या भरलेल्या असतात, हक्काबद्दल कोणाचाही वाद नसतो. अडलेले असते ते फक्त साल.

हे कसे घडते आणि कसे सुटते, ते एका माणसाच्या कागदांवरून नीट समजते. पुढची हकीकत नमुन्यादाखल बेतलेली आहे. तिच्यातील माणूस कोणी एक ठरावीक नाही, पण त्याच्या हातातले कागद महाराष्ट्रातल्या असंख्य घरांच्या पत्र्याच्या पेटीत सापडतील असे आहेत. घरी त्याला आबा म्हणतात. गाव सांगली जिल्ह्यातले, शिक्षण चौथीपर्यंत. तरुणपणी शेतमजुरी केली, नंतर जून २००२ पासून जवळच्या एका सूतगिरणीत काम केले. मे २०२४ च्या अखेरीस गिरणीच्या नोंदीप्रमाणे आबांना अट्ठावन्न पूर्ण होत आली आणि ते निवृत्त झाले. मुलाने पेन्शनसाठी लागणारा १०-डी हा अर्ज भरला. काही दिवसांनी तो परत आला. चौकशीला गेल्यावर खिडकीतला कारकून म्हणाला, "आजोबा, पीएफच्या रेकॉर्डला तुमचं जन्मसाल सहासष्ट आहे आणि आधारवर चौसष्ट. आधी हे जुळवून आणा." आबा मुलाकडे वळून म्हणाले, "अरे, पण शाळेच्या दाखल्यावर तर त्रेसष्ट आहे." कारकुनाने तो दाखलाही पाहिला आणि आता दोनाऐवजी तीन साले झाली.

तिन्ही कागद सरकारी किंवा निमसरकारी नोंदीवर आधारलेले होते आणि तिन्हींवर शिक्के होते. त्यांतला एकही आबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला नव्हता. प्रत्येक कागद दुसऱ्या कोणी तरी, दुसऱ्याच कामासाठी लिहिला होता. ते काम काय होते हे लक्षात घेतले की साल का फिरले ते कळते.

सर्वांत जुना कागद शाळेचा. जून १९६९ मध्ये आबांचे वडील त्यांना बोटाला धरून गावच्या प्राथमिक शाळेत घेऊन गेले. गुरुजींना एवढेच पाहायचे होते की मूल पहिलीत बसण्याइतके मोठे आहे की नाही. जन्माचा दाखला बहुतेकांकडे नसायचा. वडिलांनी "सहा वर्षांचा झालाय" म्हणून सांगितले, गुरुजींनी चालू सालातून सहा वजा केले आणि दिवस-महिना म्हणून शाळा उघडण्याच्या सुमाराचा एक जून लिहिला. जनरल रजिस्टरमध्ये नोंद झाली: १ जून १९६३. महाराष्ट्रात एक जूनला वाढदिवस असलेली माणसे इतकी का भेटतात, याचे कारण हेच आहे. त्या रजिस्टरातील साल बऱ्याचदा खऱ्याच्या जवळ असते, कारण सहा वर्षांच्या मुलाच्या वयात दोन-तीन वर्षांची चूक डोळ्यांना दिसते. चार वर्षांचे पोर आणि सहा वर्षांचे पोर यांतला फरक कोणत्याही गुरुजीला कळतो. दिवस आणि महिना मात्र जवळजवळ नेहमी काल्पनिक असतो.

दुसरा कागद गिरणीचा. २००२ मध्ये कामावर घेताना भविष्य निर्वाह निधीच्या नामनिर्देशनाचा फॉर्म २ भरायचा होता. एका दिवसात अनेकांचे फॉर्म भरणाऱ्या कारकुनाने विचारले, "वय किती?" आबा म्हणाले, "छत्तीस असेल." खरे तर तेव्हा त्यांना एकोणचाळिसावे वर्ष चालू होते. काम मागायला आलेला माणूस वय थोडे कमी सांगतो, कधी जाणूनबुजून, कधी नुसतेच ओठांवर आलेला आकडा म्हणून. २००२ मधून ३६ गेले, १९६६ उरले. "तारीख?" या प्रश्नाला आबांना शाळेतला एक जून आठवत होता. त्यामुळे नोंद झाली १ जून १९६६. दाखला कोणी मागितला नाही. प्रौढ माणसाच्या चेहऱ्यावरून तीन वर्षांचा फरक ओळखता येत नाही, म्हणून ही चूक त्या टेबलावर कोणाच्या लक्षात येण्यासारखी नव्हती. पुढे प्रत्येक सदस्याला सार्वत्रिक खाते क्रमांक, म्हणजे यूएएन मिळाला, तेव्हा हीच तारीख संगणकात उतरली.

तिसरा कागद आधारचा. २०१२ मध्ये गावच्या चावडीत नोंदणीचे शिबिर लागले. ज्याच्याकडे जन्मतारखेचा पुरावा नव्हता त्याला नुसते वय सांगून नोंदणी करता येत असे. मग वयावरून साल काढून त्यापुढे १ जानेवारी पडत असे. आबांनी अठ्ठेचाळीस सांगितले, १ जानेवारी १९६४ झाले. अशी तारीख आधारच्या नोंदीत पडताळलेली मानली जात नाही. ती सांगितलेली किंवा अंदाजे अशाच प्रकारात मोडते. पण छापील कार्डावर तो फरक ठळक दिसत नाही. कार्ड हातात घेणाऱ्याला ती पक्की तारीख वाटते. पुढे पॅन कार्ड काढले तेही याच आधारवरून. म्हणून १९६४ असे लिहिलेले दोन कागद दिसत असले, तरी पुरावा एकच आहे. दुसरा ही पहिल्याची नक्कल आहे. कागदांची संख्या मोजून निर्णय करणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते.

खरे साल कोणते, हे घरच्यांना कागदाशिवायही तपासता येते, आणि आबांच्या मुलाने ते करून पाहिले. म्हातारी माणसे जन्म तारखेने सांगत नाहीत, घटनेने सांगतात. आबांच्या थोरल्या बहिणीला आठवत होते की पंडित नेहरू गेले तेव्हा आबा भिंतीला धरून उभे राहायला शिकले होते. नेहरूंचे निधन २७ मे १९६४ रोजी झाले. त्या वेळी मूल नऊ ते अकरा महिन्यांचे असेल, तर जन्म १९६३ च्या मधला. कोयनेच्या भूकंपाची रात्र आबांना स्वतःला आठवत होती. घरातले सगळे अंगणात आले होते आणि त्यांना कोणी तरी घोंगडीत गुंडाळून बाहेर आणले होते. तो भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. चार वर्षांच्या मुलाला अशी आठवण राहू शकते. १९६६ चा जन्म असता तर ते तेव्हा दीड वर्षाचे असते आणि नेहरूंच्या निधनाच्या वेळी जन्मलेच नसते. शेवटची खूण धाकट्या भावाच्या शाळेच्या दाखल्यात मिळाली. त्यावर १ जून १९६५ होते. गिरणीची तारीख खरी मानली तर धाकटा भाऊ थोरला ठरत होता.

असल्या आठवणी कोणत्याही कार्यालयात पुरावा म्हणून चालत नाहीत. तरी त्यांचा मोठा उपयोग असतो, कारण कोणत्या सालासाठी कागद शोधायचे हे त्यातून ठरते. अनेक कुटुंबे नेमकी ही पायरी गाळतात. ज्या कागदावरची तारीख बदलून घेणे सोपे, तो कागद आधी बदलतात आणि पुढे आणखी खोल अडकतात.

आबांच्या बाबतीतही पहिला सल्ला तसाच मिळाला होता. गावात कोणी तरी सुचवले की पीएफमधली तारीख आधारप्रमाणे करून घ्या, म्हणजे काम झाले. काही वर्षांपूर्वी हे जमलेही असते. एप्रिल २०२० मध्ये भविष्य निर्वाह निधी संघटनेने असा नियम केला होता की दोन तारखांमधला फरक तीन वर्षांपेक्षा कमी असेल तर आधारवरची तारीख पुरावा म्हणून स्वीकारावी. १९६४ आणि १९६६ मधला फरक त्या मर्यादेत बसत होता. पण जानेवारी २०२४ मध्ये संघटनेने जन्मतारखेच्या पुराव्यांच्या यादीतून आधार काढून टाकले. आधार देणाऱ्या प्राधिकरणानेच तशी भूमिका घेतली होती. आधार माणसाची ओळख पटवते, तो जन्मतारखेचा पुरावा नव्हे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एका अपघात नुकसानभरपाईच्या प्रकरणात मृताचे वय ठरवताना आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. आबांसारख्या सांगितलेल्या वयावरून काढलेल्या तारखा पाहिल्या की ही भूमिका योग्यच वाटते. अडचण एवढीच की पुरावा म्हणून आधार चालत नसले, तरी जुळणी मात्र त्याच्याशीच केली जाते. यूएएनमधली तारीख आणि आधारमधली तारीख एक नसेल तर ऑनलाइन दावा पुढे जात नाही. म्हणजे दोन्ही नोंदी दुरुस्त कराव्या लागतात, आणि दोन्हींना पुरावा तिसऱ्याच कागदाचा लागतो.

तो तिसरा कागद कोणता असावा? पीएफ कार्यालयाच्या यादीत जन्म-मृत्यू निबंधकाचा दाखला, मान्यताप्राप्त मंडळाची किंवा विद्यापीठाची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, सरकारी सेवानोंदीवरचे प्रमाणपत्र, पॅन कार्ड असे पर्याय आहेत. यांतले काहीच नसेल तर जिल्हा शल्यचिकित्सकाचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि सोबत शपथपत्र. हा शेवटचा पर्याय ऐकायला सोपा वाटतो, पण त्याची ताकद फार कमी आहे. हाडांच्या सांध्यांवरून वय काढण्याची पद्धत वाढत्या वयात उपयोगी पडते. पंचविशीच्या आसपास सगळी हाडे जुळून झाल्यावर तिची अचूकता संपते. साठीच्या माणसाचे एक्स-रे पाहून तो अट्ठावन्नचा की एकसष्टचा हे कोणताही डॉक्टर खात्रीने सांगू शकत नाही. वाद नेमका तीन वर्षांचा असताना असे प्रमाणपत्र काही सोडवत नाही.

आबांकडे पॅन होते, पण त्यावर आधारचेच १९६४ होते, आणि घरच्यांच्या पडताळणीनुसार ते साल चुकीचे होते. ते पुढे करून पीएफची नोंद बदलली असती तर एक चूक काढून दुसरी चूक बसवल्यासारखे झाले असते. शिवाय शाळेचा दाखला एकदा टेबलावर ठेवलेला होता. तो मागे घेता येत नाही. शाळेचा दाखला पीएफसाठी पुरेसा होता. पण सगळ्यांत भक्कम कागद म्हणजे जन्माचाच दाखला, आणि तो पीएफ आणि आधार दोन्हीकडे चालतो. म्हणून मुलाने आधी तो मिळतो का ते पाहायचे ठरवले. हा निर्णय या सगळ्या प्रकरणात महत्त्वाचा ठरला. साखळीतल्या प्रत्येक कार्यालयाला मान्य होईल असा एक कागद आधी मिळवावा आणि मग बाकीच्या नोंदी त्याच्यामागे ओढून घ्याव्यात.

१९६३ मध्ये खेड्यात जन्मलेल्या मुलाचा जन्म कुठे नोंदवलेला असेल? जन्म-मृत्यू नोंदणीचा सध्याचा कायदा १९६९ चा, आणि महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्याआधी गावातल्या जन्म-मृत्यूंची नोंद महसुली दप्तरात होत असे. गाव नमुना १४ म्हणजे हेच रजिस्टर. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. ही जुनी बुके तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात ठेवलेली असतात. गावाचे नाव, साल आणि वडिलांचे नाव देऊन अर्ज केला की शोध घेतला जातो आणि नोंद सापडली तर नक्कल मिळते. काही गावांची बुके वाळवी लागून गेली आहेत, काहींची पाने पाण्याने विरघळली आहेत, आणि जरा जुनी असतील तर ती मोडीत लिहिलेली असल्याने वाचणारा माणूस शोधावा लागतो. शोधताना एकच साल सांगून थांबू नये. एक साल मागे आणि एक साल पुढे मागावे, कारण ज्या सालाबद्दल खात्री नाही त्याचाच तर शोध चाललेला असतो.

आबांची नोंद १९६३ च्या बुकात सापडली. तारीख १९ ऑगस्ट १९६३. वडिलांचे नाव बरोबर, जात बरोबर. मुलाच्या नावाच्या जागी मात्र नुसते 'मुलगा' लिहिलेले होते. ही जुन्या नोंदींची सर्वसाधारण रीत होती. जन्माची वर्दी कोतवालाकडे जाईपर्यंत बारसे झालेले नसायचे, आणि नंतर नाव लिहून घ्यायला कोणी जायचे नाही. त्यामुळे कागद पाहणारा अधिकारी विचारू शकतो, हा मुलगा म्हणजे तुम्हीच कशावरून? इथे धाकट्या भावाचा दाखला पुन्हा कामाला आला. त्या वडिलांना मुलगे दोनच, एकाचा जन्म शाळेच्या नोंदीप्रमाणे १९६३ चा, दुसऱ्याचा १९६५ चा. कोतवाल बुकातला १९६३ चा मुलगा दुसरा कोणी असूच शकत नव्हता. वंशावळीचे शपथपत्र, दोघा भावांचे शाळेचे दाखले आणि नक्कल असे एकत्र जोडल्यावर नोंद आबांचीच असल्याचे मान्य झाले आणि तिच्या आधारे जन्माचा दाखला निघाला.

नोंद सापडलीच नसती तर वाट लांबची होती. मग संबंधित निबंधकाकडून नोंद उपलब्ध नसल्याचे प्रमाणपत्र घ्यायचे आणि उशिराच्या नोंदणीसाठी अर्ज करायचा. एक वर्ष उलटून गेलेल्या जन्माची नोंद करायला पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागायचा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर हा अधिकार जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आला आहे. तिथेही पुरावा म्हणून शाळेच्या जनरल रजिस्टरचा उताराच मुख्यतः कामाला येतो. त्यामुळे तो आधी काढून ठेवणे केव्हाही चांगले. शाळा बंद झाली असली किंवा दुसऱ्या शाळेत मिसळली असली, तरी जुने रजिस्टर बहुधा केंद्रशाळेत किंवा गटशिक्षणाधिकाऱ्याच्या कार्यालयात मिळते.

आता आबांकडे पक्के साल होते, पण शाळेची तारीख आणि जन्मदाखल्याची तारीख यांत अडीच महिन्यांचा फरक होताच. १ जून की १९ ऑगस्ट? साल एक असले तरी दोन तारखा घेऊन दोन कार्यालयांत जायचे नाही, हे मुलाने पहिल्या अनुभवातून ओळखले होते. आधार आणि पीएफ दोन्हीकडे जन्मदाखलाच द्यायचा ठरले. शाळेचा दाखला सोबत ठेवायचा, पण तो सालाच्या पुष्टीसाठी, तारखेसाठी नाही.

पहिले काम आधारचे. तिथे जन्मतारीख एकदाच बदलता येते. दुसऱ्यांदा बदलायची वेळ आली तर साधे केंद्र ते करत नाही, प्रकरण प्रादेशिक कार्यालयाकडे जाते. गडबडीत भलत्याच कागदावरून ही एकमेव संधी खर्च केलेली माणसे पुढे फार हाल सोसतात. गावातला सल्ला ऐकून आबांनी आधी शाळेच्या एक जूनवरून आधार बदलले असते आणि मग जन्मदाखला काढला असता, तर त्यांचेही तेच झाले असते.

दुसरे काम पीएफच्या नोंदीचे. त्यासाठी संयुक्त घोषणापत्र द्यावे लागते. संयुक्त म्हणजे कामगार आणि मालक या दोघांचे. कामगार ऑनलाइन खात्यातून दुरुस्ती मागतो, कागद जोडतो, मालक आपल्या नोंदी पाहून मान्यता देतो आणि मग कार्यालय निर्णय घेते. सगळ्यांत जास्त वेळ या मधल्या पायरीवर जातो. निवृत्त होऊन गेलेल्या माणसाच्या कामासाठी गिरणीतल्या कोणाला घाई नसते. आबांचा मुलगा दर आठवड्याला गिरणीच्या टाइम ऑफिसात जात राहिला, तेव्हा कुठे मान्यता मिळाली. या पट्ट्यात बंद पडलेल्या गिरण्याही बऱ्याच आहेत आणि तिथल्या कामगारांना मान्यता देणारा मालकच उरलेला नसतो. अशांसाठी कागदी घोषणापत्रावर राजपत्रित अधिकारी, पोस्टमास्तर, बँकेचा शाखाधिकारी अशा ठरावीक व्यक्तींपैकी कोणाची साक्षांकित सही घेऊन ते थेट कार्यालयात देण्याची सोय आहे. बंद गिरणीच्या गेटवर खेटे घालणाऱ्या कित्येकांना ही सोय ठाऊक नसते, आणि ती कोणी सांगतही नाही.

पीएफ कार्यालय अशा दुरुस्तीकडे संशयाने पाहते, याचेही कारण आहे. साल बदलले की पैसे बदलतात. सरकारी नोकरांच्या बाबतीत तर महाराष्ट्राचे सेवानियम जन्मतारखेच्या दुरुस्तीसाठी नोकरीत लागल्यापासून साधारण पाच वर्षांची मुदत घालतात, आणि निवृत्तीच्या तोंडावर तारीख बदलून मागणाऱ्यांना न्यायालयांनी वेळोवेळी नकार दिला आहे, कारण तिथे वय कमी करून नोकरी लांबवण्याचा मोह असतो. आबांचे प्रकरण उलटे होते. त्यांचे वय कागदावर वाढणार होते. त्याचा पेन्शनवर काय परिणाम होतो ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे.

पेन्शनचे सूत्र सोपे आहे. पेन्शनसाठी धरलेल्या सरासरी पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि सत्तरने भागायचे. हिशेब सुटसुटीत राहावा म्हणून हा सरासरी पगार ६,३०० रुपये धरू. मग सेवेच्या प्रत्येक वर्षामागे ९० रुपये मासिक पेन्शन होते. १९६६ साल कायम राहिले असते तर जून २००२ ते मे २०२४ अशी बावीस वर्षे सेवा झाली असती. वीस वर्षे पूर्ण करून अट्ठावन्नव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला दोन वर्षे वाढवून मिळतात, म्हणून चोवीस. पेन्शन २,१६० रुपये, जून २०२४ पासून. आता १९ ऑगस्ट १९६३ ही तारीख घ्या. अट्ठावन्न वर्षे ऑगस्ट २०२१ मध्ये पूर्ण झाली. सेवा तिथेच थांबली, एकोणीस वर्षे. वीस पूर्ण नाहीत, त्यामुळे वाढीव दोन वर्षेही नाहीत. पेन्शन १,७१० रुपये. दरमहा साडेचारशेचा फटका बसला.

पण दुसरी बाजूही आहे. गिरणीतली नोकरी चालू असली तरी पेन्शन अट्ठावन्न पूर्ण झाल्यावर लगेच देय होते. म्हणजे ऑगस्ट २०२१ पासून मे २०२४ पर्यंतच्या सुमारे ३३ महिन्यांची थकबाकी, ५६,४३० रुपये. शिवाय त्या काळात पेन्शन फंडात चुकून गेलेली दरमहा ५२५ रुपयांची वर्गणी तिथे राहू शकत नाही, ती पीएफ खात्यात वळवावी लागते. तिचे ३३ महिन्यांचे १७,३२५ रुपये होतात, व्याज वेगळे. दोन्ही मिळून सुमारे ७३,७५५. दरमहाच्या साडेचारशेने ही रक्कम भरून निघायला १६४ महिने, म्हणजे जवळपास पावणेचौदा वर्षे लागतात. चुकीच्या सालाने आबांचा फायदा झाला असता की तोटा, हे ते किती जगतात यावर अवलंबून राहिले असते. वय चुकीचे सांगून त्यांनी काही कमावले होते, हा संशय आकड्यांपुढे टिकत नाही.

दुरुस्ती मंजूर झाल्यावर १०-डी नव्याने भरायचा होता. पूर्ण भरलेला पेन्शनचा दावा निकाली काढायला वीस दिवसांची मुदत आहे. पण ती मोजली जाते पूर्ण आणि निर्दोष अर्ज मिळाल्यापासून. आबांचा पहिला अर्ज त्रुटीसह परत आला असल्याने मधले सगळे महिने त्या मुदतीत धरलेच गेले नाहीत. म्हणून अर्ज टाकण्याआधी घरीच सगळे कागद एकदा चटईवर पसरून पाहावेत. प्रत्येक कागदावरचे नाव आणि तारीख एका वहीत ओळीने लिहून काढावी. १ जून किंवा १ जानेवारी दिसली की ती तारीख कुठून आली ते विचारावे. पॅनकडे विशेष लक्ष द्यावे, कारण आधार बदलले म्हणून पॅन आपोआप बदलत नाही, आणि पेन्शन ज्या बँकेत जमा होणार तिथल्या खात्याला तेच जोडलेले असते. आबांच्या पॅनवर १९६४ अजून तसेच होते. ते दुरुस्त करून मगच मुलाने अर्ज उघडला.

अर्ज भरताना तो एका रकान्याशी थांबला. पत्नीची जन्मतारीख. आबांच्या मागे आईला त्यांच्या पेन्शनच्या निम्मे मिळणार. निम्मे ८५५ होतात, पण या योजनेत सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन एक हजार आहे, म्हणून एक हजार. आईच्या आधारवर १ जानेवारी १९७० होते. ती शाळेत कधी गेलीच नव्हती, त्यामुळे जनरल रजिस्टरात तिचे नाव असण्याचा प्रश्न नव्हता. मुलाने अर्ज न पाठवता तसाच ठेवला आणि आईला विचारले, "आई, तुझ्या माहेरचा तालुका कोणता गं?" कोतवाल बुक तिथल्या तहसीलला पाहायचे होते, आणि या वेळी एकोणसत्तर, सत्तर, एकाहत्तर अशी तिन्ही साले मागायची होती.